स्कॅन केलेल्या वहीतला वजनाचा कॉलम: किलो, ग्रॅम, रुपये, पैसे एका मापात कसे आणायचे

आमच्या इंदूरच्या गणेशोत्सव मंडळाच्या कोठाराच्या जुन्या वह्या यंदा आम्ही स्कॅन केल्या. महाप्रसादाला कुठल्या वर्षी काय काय आणलं, किती, काय भावाने, हे सगळं त्यात आहे, आणि बहुतेक माल सियागंजातून, म्हणजे इथल्या घाऊक बाजारातून आलेला. स्कॅन झालं, चित्रातली अक्षरं मजकुरात बदलणारं ओसीआर झालं, शीट तयार झाली, आणि मग खरं काम सुरू झालं, कारण वजनाच्या एकाच कॉलममध्ये "२५ किलो", "१२.५००", "५० ग्रॅम", "२-५०", "१½", आणि नारळाच्या ओळीला नुसतंच "५१" असं सगळं एकत्र बसलेलं होतं. रकमेच्या कॉलमचीही तीच कथा, कुठे "१५६-२५" कुठे "१०२/-".

मी पहिल्यांदा जे केलं ते कुणी करू नये म्हणून आधी सांगतो. मी फाइंड-रिप्लेस मारून सगळी अक्षरं काढून टाकली, फक्त आकडे ठेवले आणि बेरीज केली. त्यात पन्नास ग्रॅम वेलदोडे पन्नास किलो झाले. तेवढं तर लगेच दिसलं, पण तुपाची आणि गुळाची चूक दिसली नाही, ती नंतर कोठार सांभाळणाऱ्या काकूंनी दाखवली. मग मूळ मजकूरच उडवलेला असल्यामुळे मागे जाता येईना, पुन्हा ओसीआरपासून सुरुवात करावी लागली.

तर पहिली गोष्ट हीच. ओसीआरमधून आलेला कॉलम जसाच्या तसा ठेवायचा, त्याला "वजन मूळ" असं नाव द्यायचं आणि त्यात नंतर एक अक्षरही बदलायचं नाही. जे काय हिशोब करायचे ते शेजारच्या नव्या कॉलममध्ये. आणि डेटा आत घ्यायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट फॉरमॅटला टाकायचा, नाहीतर एक्सेल `4-50` बघून ती तारीख समजतं आणि `Apr-50` करून टाकतं. तुम्हाला वाटेल हे सहज दिसेल, पण दोनशे ओळींत अशा पाच-सहाच असतात आणि स्क्रोल करताना डोळा त्यावरून घसरतो. आकडे देवनागरीत असले तर बहुतेक वेळा हे होत नाही कारण शीटला ते सहसा आकडे वाटतच नाहीत, नुसती अक्षरं वाटतात. पण नंतर हिशोबासाठी तुम्ही ते इंग्रजी आकड्यांत बदलाल तेव्हा हीच तारीखवाली भानगड समोर येते, म्हणून टेक्स्ट फॉरमॅट आधीच लावा.

आता दुसरी पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी हीच. एकेक सेल वाचत बसू नका, आधी लिहायच्या पद्धती किती आहेत ते मोजा. त्यासाठी प्रत्येक आकड्याच्या जागी ९ टाकायचा आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. "वजन मूळ" हा C कॉलम धरला तर गूगल शीट्समध्ये असं:

```
=REGEXREPLACE(C2,"[0-9०-९]","9")
```

म्हणजे "२५ किलो" आणि "१० किलो" दोन्ही `99 किलो` होतात, "२-५०" चं `9-99` होतं. यावर एक पिव्होट टेबल लावलं की दोनशे चौदा सेलमधून आमच्याकडे फक्त सतरा पद्धती निघाल्या. सतरा गोष्टींचा विचार माणूस शांतपणे करू शकतो, दोनशे चौदांचा नाही. आणि ज्या पद्धतीत एकच सेल आहे ती आधी उघडा, कारण तिथे बहुतेक वेळा ओसीआरनेच काहीतरी चुकीचं वाचलेलं असतं.

या सतरा पद्धतींत काही अगदी सरळ असतात. "३ कि. ५०० ग्रा." यात शंका नाही. "१२.५००" यातही नाही, आणि का नाही ते नीट समजून घ्या कारण सगळा खेळ इथेच आहे. टिंबानंतर तीन आकडे असले की ते दशांश म्हणून वाचा नाहीतर किलो टिंब ग्रॅम म्हणून वाचा, उत्तर एकच येतं, साडेबारा किलो. पैशात तसंच दोन आकड्यांचं आहे, "१५६.२५" कसंही वाचा, एकशे छपन्न रुपये पंचवीस पैसे. घोळ फक्त तिथे होतो जिथे आकडे कमी आहेत. वजनात "४.५०" म्हणजे साडेचार किलो की चार किलो पन्नास ग्रॅम? पैशात "१२-५" म्हणजे साडेबारा रुपये की बारा रुपये पाच पैसे? लिहिणाऱ्याच्या डोक्यात दशांश होते की दोन वेगळे कप्पे होते यावर ते ठरतं, आणि एकाच वहीत, एकाच पानावर, दोन्ही प्रकार सापडतात कारण एका आठवड्यात तीन माणसं वही लिहीत असतात.

म्हणून मी पिव्होटमध्ये पद्धतींना दोनच रंग लावतो. दोन्ही वाचनांनी एकच उत्तर येतं त्या हिरव्या, त्यांना हात लावायची गरज नाही, सरळ बदला. बाकीच्या पिवळ्या, त्या एकेक बघायच्या.

तिसरी पायरी, बदलायचं कशात. किलोत नाही, ग्रॅममध्ये. रुपयांत नाही, पैशांत. सगळ्यात लहान माप घेतलं की टिंब उरतच नाही, आणि टिंब नाही म्हणजे ते कुठे आहे यावरून पुढे कुणाचा गैरसमजही नाही. ४०५० ग्रॅम आणि ४५०० ग्रॅम यात कोणी गोंधळत नाही. नंतर कोणाला किलोत हवं असेल तर हजाराने भागून दाखवता येतं, ते शेवटी. शीटमध्ये मी वजन दोन कप्प्यांत भरतो, D मध्ये किलो आणि E मध्ये ग्रॅम, आणि F मध्ये

```
=D2*1000+E2
```

असं केल्याने तुम्हाला "४.५०" साठी निर्णय घ्यावाच लागतो, E मध्ये ५०० लिहायचे की ५०. दर H मध्ये, पैशांत आणि नेहमी एका किलोला. रक्कम J मध्ये, तीही पैशांत. शेवटी एक कॉलम "कारण" नावाचा, हा निर्णय कशावरून घेतला ते दोन शब्दांत लिहायला.

आता निर्णय कसा घ्यायचा. आमच्या १९८२ च्या वहीतलं एक पान घेऊ, ओसीआर सुधारल्यानंतरचं:

| माल | वजन | दर | रक्कम |
|---|---|---|---|
| साखर | २५ किलो | ६-२५ | १५६-२५ |
| बेसन | १२.५०० | ७-५० | ९३-७५ |
| तूप | ४.५० | ३८/- | १७१/- |
| गूळ | २-५० | ३-२० | ६-५५ |
| पोहे | १½ | ५-२० | ७-८० |
| वेलदोडे | ५० ग्रॅम | २४/- | १२/- |
| नारळ | ५१ | २/- | १०२/- |
| एकूण | | | ५४९-३५ |

वजन गुणिले दर बरोबर रक्कम, हे वाण्याने त्या काळी स्वतः केलेलं गणित आहे, आणि तेच आपला साक्षीदार. शीटमध्ये फरकाचा कॉलम असा:

```
=ROUND(F2*H2/1000,0)-J2
```

तूप बघा. ४५०० ग्रॅम धरले तर १७१ रुपये, फरक शून्य. ४०५० धरले तर १५३ रुपये ९० पैसे येतात, सतरा रुपयांचा फरक. म्हणजे तुपाच्या ओळीत टिंब दशांशाचं आहे, साडेचार किलो. आता त्याच पानावर गूळ. "२-५०" अडीच किलो धरला तर आठ रुपये व्हायला पाहिजेत, वहीत आहेत सहा पंचावन्न. दोन किलो पन्नास ग्रॅम धरला तर सहा छपन्न, एक पैशाचा फरक. काकू हे बघून म्हणाल्या, "अरे, गुळाची भेली कधी नेमकी अडीच किलो भरते का? अख्खी भेली काट्यावर ठेवायची, जे भरेल ते लिहायचं." आणि तो एक पैसा? तो वाण्याने सोडलेला, पाच पैशावर आणून. म्हणजे दिसायला जवळपास एकसारखे दोन सेल, एकाच पानावर, आणि अर्थ वेगळे. पद्धत बघून सगळ्या `9.99` आणि `9-99` ला एकच नियम लावला असता तर काही ओळी चुकल्याच असत्या.

या एक-दोन पैशांच्या फरकाबद्दल एक सांगून ठेवतो, तो दुरुस्त करू नका. वहीत सहा पंचावन्न आहे तर शीटमध्येही ६५५ च राहील. आपण मापं एक करतोय, वाण्याचा हिशोब सुधारत नाहीये. मी पाच पैशांपर्यंतचा फरक सरळ मान्य करतो, त्याहून जास्त असेल तर स्कॅन उघडून मूळ पान बघतो.

मोठा फरक आला की तो किती पट आहे ते बघा, आकडाच कारण सांगतो. हजारपट असेल तर कुठेतरी ग्रॅमचे किलो झालेत. शंभरपट असेल तर रुपये आणि पैशांमधली रेघ हरवली आहे, आणि हे फार होतं, कारण छापील वह्यांत रकमेच्या कप्प्यात एक उभी लाल रेघ असते, डावीकडे रुपये उजवीकडे पैसे. ओसीआर कधी ती रेघ गाळून "१५६२५" वाचतं, कधी तिलाच एक समजून "१५६१२५" वाचतं. दुसऱ्या प्रकारात पट विचित्र येते, सरळ शंभर किंवा हजार नाही, तेव्हा मधला १ संशयित धरायचा. आणि अशा रेघेच्या वहीत उजवीकडे एकटा ५ असेल तर तो पाच पैसेच, पन्नास नव्हे, कारण तो वेगळा कप्पा आहे, दशांश नाहीये.

दहापट आली तर मला एक खास आपल्याकडची शंका आधी येते. आपण मराठीत "कि." असं टिंब देऊन लिहितो, पण सियागंजातल्या पावत्या हिंदीत, आणि हिंदीत जुनी मंडळी शब्द छोटा करताना बारीक गोल देतात, "कि०", "रु०". ओसीआरला तो गोल म्हणजे शून्य. "५ कि०" मधून अक्षरं काढली की उरतं ५०. मी सुरुवातीला अक्षरं काढली तेव्हा अशा अकरा ओळी बिघडल्या होत्या. म्हणून देवनागरी आकडे इंग्रजीत बदलायच्या आधी `कि०` ला `कि.` आणि `रु०` ला `रु.` करून घ्या (अर्थात नव्या कॉलममध्ये), क्रम उलटा झाला तर तो गोल शून्यात मिसळून जातो आणि मग ओळखता येत नाही.

पोह्यांचा "१½" हाही त्रासदायक. ओसीआरने तो "११/२" असा दिला होता, म्हणजे अकरा भागिले दोन, साडेपाच किलो पोहे. तुम्ही पायथन वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, युनिकोडचं `NFKC` नॉर्मलायझेशन चालवलं की खरंखुरं "1½" सुद्धा `11⁄2` होऊन बसतं, म्हणजे ओसीआर बरोबर असूनही आपण स्वतःच बिघडवतो. अपूर्णांकाची चिन्हं आधी स्वतः बदलून घ्या, ¼ चे २५० ग्रॅम, ½ चे ५००, ¾ चे ७५०, मग बाकीची साफसफाई. शब्दांत लिहिलेलं असेल, "पावशेर" नव्हे हां, "पाव किलो", "सव्वा", "पाऊण", त्याची एक छोटी यादी करून ठेवली की झालं. आणि वरच्या ओळीसारखंच असं दाखवायला जी दोन छोटी उभी टिचकी देतात, त्याचं ओसीआर बहुतेक "११" करतं, तेव्हा यादीत नुसता "११" दिसला तर पान उघडून बघा.

नारळाच्या ओळीत एकक लिहिलेलंच नाही, पण ५१ गुणिले २ बरोबर १०२, आणि नारळ कोणी तोलून घेत नाही, ते नग आहेत. त्यांना ग्रॅममध्ये आणायचा प्रयत्नच करू नका. एककाचा आणखी एक कॉलम ठेवा, त्यात "नग" लिहा आणि F रिकामा. तेलाचा "१ डबा" असेल तर तोही तसाच ठेवा, डब्यावर किती किलो होतं हे त्याच वहीत कुठे लिहिलेलं सापडलं तरच बदला. दूध लिटरमध्ये असेल तर तेही वेगळं. फरकाचं सूत्र या ओळींना लागू नाही, तिथे साधं नग गुणिले दर.

आता वेलदोडे, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो खरं तर. ५० ग्रॅम, दर २४, रक्कम १२. सूत्रात दर किलोला २४ रुपये टाकला तर एक रुपया वीस पैसे येतात, दहापट फरक. मला वाटलं ओसीआरने एक शून्य गाळलं, वजन ५०० ग्रॅम असणार. ५०० टाकलं, फरक शून्य झाला, मी खूश. पण स्कॅन उघडला तर स्वच्छ "५० ग्रॅम" लिहिलेलं. खरी गोष्ट ही की वेलदोड्याचा दर शंभर ग्रॅमचा होता. म्हणजे ५० ग्रॅम, शंभराला २४, तरी १२ रुपये. आणि ५०० ग्रॅम, किलोला २४, तरी १२ रुपये. गुणाकाराचा साक्षीदार इथे दोन्ही बाजूंनी हो म्हणतो. वजन दहापट चुकलं आणि दराचं माप दहापट चुकलं की दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि फरकाच्या कॉलममध्ये सुंदर शून्य दिसतं.

हे पकडायचा एकच उपाय मला सापडला. शीट मालाच्या नावाने सॉर्ट करायची आणि एकाच मालाचा किलोचा दर सगळ्या वर्षांचा ओळीने बघायचा. वेलदोड्याला दोन पानांवर २४०००, २२५०० पैसे आणि मधेच एका पानावर २४०० दिसला की कळतं. म्हणून H मध्ये नेहमी किलोचाच दर, शंभर ग्रॅमचा लिहिलेला असला तरी दहाने गुणून. मसाल्याच्या मालाला, म्हणजे लवंग, जायफळ, केशर, वेलदोडे, यांना हे न चुकता करा. केशर तर एका ग्रॅमच्या दराने लिहिलेलं असतं.

ओळी झाल्या की पानाची बेरीज. J कॉलमची बेरीज वरच्या पानासाठी ५४९३५ पैसे यायला पाहिजे, वहीत खाली ५४९-३५ आहे, जुळलं. ही बेरीज फक्त रकमेची साक्ष देते, वजनाची नाही, त्यामुळे रकमेच्या चुका (ती लाल रेघ वगैरे) इथे पक्क्या होतात पण गुळासारखं प्रकरण इथे कळणार नाही. दोन्ही तपासण्या लागतातच. आणि वजनाच्या कॉलमची बेरीज वहीत असली तर सावध राहा, आमच्याकडे एका पानावर नारळही त्यात मिळवलेले होते.

एवढं करूनही आमच्याकडे सहा सेल उरले जिथे दर लिहिलेला नव्हता, नुसतं "३-५०" आणि पुढे "खात्यात". तिथे गुणाकार नाही, दुसऱ्या पानाचा आधार नाही. F रिकामा ठेवला, "कारण" मध्ये पान क्रमांक आणि दोन्ही शक्यता लिहिल्या, ३०५० किंवा ३५००. तिथे अंदाजाने एक भरला असता तर पुढे कोणी दर वर्षी किती साखर लागली असं काढताना तो अंदाजच खरा आकडा म्हणून वापरला असता.

शेवटी एक, जर तुमच्या वह्या १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या असतील तर यातलं पैशाचं काहीच लावू नका. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आधी सोळा आणे आणि प्रत्येक आण्याचे बारा पै. तिथे "१-८" म्हणजे एक रुपया आठ आणे, दीड रुपया, एक रुपया आठ पैसे नव्हे. "५-८-६" असे तीन आकडे दिसले आणि मधला कधीच पंधराच्या वर जात नाही, शेवटचा अकराच्या वर जात नाही, की समजा रुपये-आणे-पै आहे. त्याला पैशांत आणायला गेलात तर पूर्णांक येतच नाही (५-८-६ चे ५५३.१२५ पैसे होतात), म्हणून तिथे सगळ्यात लहान माप पै, रुपयाचे १९२, आण्याचे १२, म्हणजे १०६२ पै. आमच्या १९५६ च्या दोन वह्या मी अशाच वेगळ्या शीटमध्ये ठेवल्या आहेत. त्यातलं शेर-छटाकाचं वजन मात्र अजून तसंच आहे, कारण शेर गावोगाव वेगळा असायचा आणि वहीत कुठला धरला होता ते लिहिलेलं नाही, तिथे फक्त सोळा छटाकांचा एक शेर एवढंच करून सगळं छटाकांत आणलं आहे.